तीन भाकऱ्या, चार जण: पाचवीला अपूर्णांकाचा पाठ घेतला त्याची हकिगत

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासिता लागली की एक यादी लागते. कुणाचा पाठ कोणत्या वर्गावर, कोणत्या घटकावर आणि कोणत्या प्रतिमानानुसार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. आमची यादी १४ ऑगस्टला लागली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: पाचवी अ, गणित, अपूर्णांकाची ओळख, ५ ई प्रतिमान. आमच्या गटात कुणीही तोपर्यंत ५ ई चं टाचण काढलं नव्हतं. सीनियर मुलींच्या फायली चाळल्या तर नावाला पाच रकाने पाडलेले आणि आत नेहमीचाच पाठ. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय. माझा पाठ १८ सप्टेंबरला झाला, शेरा मिळाला, सही झाली.

आधी त्या पाच पायऱ्या काय आहेत ते थोडक्यात. अमेरिकेतल्या बीएससीएस या विज्ञान अभ्यासक्रम तयार करणाऱ्या संस्थेत रॉजर बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रतिमान बांधलं. इंग्रजी नावं ई ने सुरू होतात म्हणून पाच ई. आमच्या मेथडच्या सरांनी मराठीत गुंतवणं, शोध, स्पष्टीकरण, विस्तार आणि मूल्यमापन अशी नावं दिली होती, मीही तीच वापरली. त्याच्या मागे रॉबर्ट कार्प्लस यांचं १९६० च्या दशकातलं तीन टप्प्यांचं अध्ययनचक्र आहे आणि सगळी गंमत त्याच्या क्रमात आहे. मुलं आधी हाताने काहीतरी करून बघतात, नाव आणि व्याख्या त्यानंतर येते.

आमच्या हातात असते ती छापील टाचणवही मात्र पंचपदीवर बेतलेली. पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. हर्बार्टच्या नावाने आपण ती पाठ करतो. खरं तर हर्बार्टने चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाच केल्या त्या झिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी. तेही असो. पंचपदीत शिक्षक नवा भाग मांडतो आणि मुलं तो नंतर वापरतात. ५ ई मध्ये मुलं अडखळत का होईना आधी वापरतात आणि शिक्षक नंतर बोलतो. दोन्हीकडे पायऱ्या पाचच असल्यामुळे जुनं टाचण उचलून नवी नावं चिकटवायचा मोह होतो. सर नेमकं तेच पकडतात. माझ्या मैत्रिणीच्या टाचणात 'शोध' या रकान्यात पहिलंच वाक्य 'शिक्षक अपूर्णांकाची व्याख्या सांगतात' असं होतं. सरांनी त्याखाली फक्त एक प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली.

पहिली खरी अडचण वेळेची. शाळेचा तास ३५ मिनिटांचा. बायबींनी हे प्रतिमान एका तासासाठी मांडलेलंच नाही. त्यांची शिफारस दोन-तीन आठवड्यांच्या घटकाची आहे, ज्यात एकेका पायरीला एक किंवा अधिक तास मिळतात. बी.एड.मध्ये मात्र एका पाठात पाचही दिसल्या पाहिजेत. मी वेळापत्रक बघितलं. गुरुवारी पाचवी अ ला चौथा तास गणिताचा आणि पाचवा चित्रकलेचा होता. चित्रकलेच्या सरांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. पण तोंडी हो चालत नाही. जोडतास हवा असेल तर मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज, त्यावर वर्गशिक्षिका बाईंची आणि ज्यांचा तास घेताय त्यांची सही, मग कार्यालयात आवक नोंद. मध्ये गणपतीची सुट्टी आली. अर्ज २२ ऑगस्टला दिला होता, मंजुरीची सही ८ सप्टेंबरला हातात आली. तुमचा पाठ गणपतीच्या आसपास लागला असेल तर अर्ज टाचणाच्या आधी द्या. टाचण रात्रीत बदलता येतं, वेळापत्रक येत नाही.

जोडतास मिळालाच नाही तर? तसंही होतं. मग पहिल्या दिवशी गुंतवणं आणि शोध एवढंच करून थांबा. प्रत्येक गटाचे तुकडे एका पाकिटात घालून वर गटाचा क्रमांक टाका आणि दुसऱ्या दिवशी ती पाकिटं उघडून पुढे जा. सरांना तसं आधी सांगितलं तर ते दोन्ही दिवस येतात किंवा निदान दुसऱ्या दिवशी येतात. पाचही पायऱ्या ३५ मिनिटांत कोंबल्या तर सगळ्यात आधी शोधाची वेळ कापली जाते, आणि ती कापली की उरतो तो नेहमीचाच पाठ.

टाचण लिहायच्या आधी वर्गशिक्षिका बाईंकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि फळ्यावर चार प्रश्न लिहिले. पाचवीची मुलं काही कोरी नसतात. पाव, अर्धा, पाऊण झालेलं असतं, अंश-छेद कानावरून गेलेले असतात. अर्ध्या चौकोनाला रंग द्या म्हटलं तर सगळ्यांनी दिला. पण एका आयताचे चार वेडेवाकडे, लहानमोठे भाग करून एकाला रंग दिला होता, तो १/४ आहे का, याला वर्गातल्या बहुतेकांनी हो म्हटलं. चार भाग आहेत, एक रंगवलाय, झालं. १/३ मोठा की १/४, याला निम्म्याहून जास्त मुलांनी १/४ लिहिलं. चार तीनपेक्षा मोठा म्हणून. आणि १/२ + १/३ किती, हा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. तिथे २/५ चा पाऊस पडला.

ही तिन्ही उत्तरं एकाच मुळाची आहेत. मुलांना ३/४ ही एक संख्या दिसत नाही. रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या दिसतात. त्यामुळे माझ्या पाठाचा हेतू मी एकच ठेवला: 'विद्यार्थी अपूर्णांक हा एका ठरलेल्या पूर्णाच्या समान भागांत मोजलेला आकार आहे हे वाटणीच्या उदाहरणातून स्पष्ट करतो.' बेरीज, तुलना, सममूल्य अपूर्णांक काहीच घेतलं नाही. टाचणवहीत उद्दिष्टांना पाच ओळी असतात, त्या भरायचा दबाव असतो. मी तीन लिहिल्या, बाकीच्या मोकळ्या सोडल्या आणि सरांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

साहित्याचं सांगते, कारण त्यात माझी दोन रविवारांची सकाळ गेली. वाटणीसाठी कागदी भाकऱ्या हव्या होत्या. कार्डशीट घेऊ नका, त्याची घडी सरळ पडत नाही. वह्यांना घालायचा खाकी कागद चांगला, घडीही नीट पडते आणि दिसतोही भाकरीसारखा. एक ताटली उपडी ठेवून गोल आखले, गटाला तीन प्रमाणे कापले आणि सहा जास्तीचे ठेवले. रोल साठ रुपयांचा होता, अर्धा उरला.

आकडे तीन आणि चार हेच का, तर गोल कागदाचे घडी घालून अर्धे आणि पाव सहज होतात, तीन समान भाग मात्र होत नाहीत. पाचवीतल्या मुलाला गोलाचे तीन भाग करायला सांगितलं की तो अर्धा करून एका अर्ध्याचे दोन करतो आणि झाले तीन म्हणतो. त्या धांदलीत वाटणीचा विचारच बाजूला पडतो. तीन भाकऱ्या चौघांत वाटायच्या असल्या की लागतात ते सगळे तुकडे घडीने होतात. उत्तर एकापेक्षा कमी येतं आणि ते काढायच्या निदान दोन वेगळ्या रीती आहेत. त्याच मला हव्या होत्या.

विस्ताराच्या पायरीसाठी पट्ट्या. रंगीत ए-फोर कागदातून २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद अशा सात पट्ट्या निघतात. २४ ला २, ३, ४, ६, ८ या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे पट्टीने मोजून खुणा करायला सोपं. पाच भाग हवे असले तर ४.८ सेंटिमीटरच्या खुणा करत बसावं लागतं. त्याऐवजी रेघांचा फुलस्केप कागद घ्या. पंचवीस रेघांच्या फटी मोजा, पट्टीचं एक टोक पहिल्या रेघेवर आणि दुसरं शेवटच्या रेघेवर येईल अशी ती तिरकी ठेवा आणि दर पाचव्या रेघेपाशी खूण करा. समांतर रेषांच्या छेदिकांचा जो गुणधर्म दहावीला असतो तोच इथे कामाला येतो. सात भागांसाठी अठ्ठावीस फटी आणि दर चौथी रेघ. कागद, झेरॉक्स, सात-आठ बोथट कात्र्या (त्या मी शाळेतूनच घेतल्या), रिबीन असं सगळं मिळून दीडशे रुपयांच्या आत झालं.

टाचण मंजूर व्हायला वेळ लागला तो रकान्यांमुळे. छापील वहीत 'प्रस्तावना' नंतर 'हेतुकथन' असतं: आज आपण अमुक शिकणार आहोत. ५ ई मध्ये ते तिथे लिहिलं की शोधाचा जीवच जातो. मुलांना कळतं की बाईंना अपूर्णांक हवेत, मग ती वाटण्याऐवजी अंश-छेद लिहायला लागतात. मी सरांना विचारलं की हेतुकथन तिसऱ्या पायरीत घेऊ का. ते म्हणाले, "घे. पण वहीत त्या रकान्यात 'स्पष्टीकरणाच्या आरंभी' असं लिही. मोकळा सोडलास तर बाहेरच्या परीक्षकांना वाटेल विसरलीस." हा सल्ला सोन्यासारखा आहे, जसाच्या तसा उचला. सर टाचणांवर सह्या मंगळवारी आणि शुक्रवारी चारनंतरच करतात आणि पाठाच्या तीन दिवस आधी सही झालीच पाहिजे असा नियम. ९ तारखेच्या मंगळवारी माझी झाली.

गुरुवारी चौतीस मुलं आली होती. चार-चारचे आठ गट झाले आणि दोघं उरली. उरलेल्यांना पाचवा भिडू म्हणून कुठल्या गटात घालू नका, तिथे वाटणी चौघांत राहत नाही. मी त्या दोघांना वाढपी केलं. वाढप्याने खायचं नाही, कोण कसं वाटतंय ते लिहून घ्यायचं. खरं सांगायचं तर ती दोघं सगळ्यात जास्त शिकली असावीत.

गुंतवण्याला पाचच मिनिटं दिली. फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलावर तीन कागदी भाकऱ्या ठेवल्या, चार मुलांना पुढे बोलावलं आणि विचारलं, "रानात चौघं जेवायला बसलेत, फडक्यात तीनच भाकऱ्या आहेत. कुणी भांडायचं नाही, काही उरवायचं नाही. प्रत्येकाला एक पुरी मिळेल का?" नाही, असा कल्ला. "अर्धी तरी मिळेल का?" इथे वर्ग जरा थांबला. मग एकजण म्हणाला, "अर्धी मिळून वर उरते की बाई." तिथेच थांबवलं आणि गटांना भाकऱ्या वाटल्या. हा दुसरा प्रश्न टाचणात जरूर लिहा. उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त आणि एकापेक्षा कमी आहे हे मुलांनी कापायच्या आधीच ओळखलेलं असलं की पुढे १/४ किंवा ४/३ असं काही आलं तर ती स्वतःच नाक मुरडतात.

शोधाला वीस मिनिटं. प्रत्येक गटाला एक कागद, त्यावर दोनच ओळी: 'आम्ही असं वाटलं' आणि खाली चित्र, 'एकाला एवढी भाकरी मिळाली' आणि पुढे रिकामी जागा. एवढी भाकरी, एवढे तुकडे नाही. हा फरक पुढे फार उपयोगी पडला.

आठपैकी पाच गटांनी प्रत्येक भाकरीचे चार तुकडे केले आणि प्रत्येक भाकरीतून एकेक उचलला. दोन गटांनी दोन भाकऱ्या अर्ध्या करून चौघांना अर्धी-अर्धी दिली आणि तिसरीचे चार पाव केले. एका गटाने जे केलं ते मला सुचलंच नव्हतं. त्यांनी तीन भाकऱ्या एकावर एक ठेवल्या, प्रत्येकीतून एक पाव तुकडा कापला, तीन जणांना उरलेल्या मोठ्या तुकड्यांच्या ताटल्या दिल्या आणि चौथ्याला कापून काढलेले तीन पाव दिले. घडी न घालता नजरेने कापणारे होतेच. त्यांच्या गटात लगेच "तुझा मोठाय" सुरू झालं. त्यांना नवीन भाकरी दिली. जास्तीचे सहा गोल त्यासाठीच होते.

या वेळात तुम्ही काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात धड लिहिलेलं नसतं. गटागटात फिरायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे: सगळ्यांना सारखं मिळालं हे कसं दाखवशील? काही उरलं का? एकाला किती भाकरी मिळाली? बरोबर-चूक म्हणायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांत आवाज इतका होता की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. शेजारच्या वर्गाला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

खिडकीकडच्या गटापाशी पोचले तर त्यांच्या कागदावर 'एकाला एवढी भाकरी मिळाली' पुढे लिहिलं होतं '३/१२'. समोर बारा तुकडे नीट चार ढिगांत लावलेले. वाटणी अगदी बरोबर. मी विचारलं, बारा कुठून आले? त्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, एकूण बारा तुकडे झाले, त्यातले तीन मला मिळाले." आता हे उत्तर चूक आहे असं म्हणताच येत नाही. तीन भाकऱ्यांचा मिळून जो ढीग आहे त्याचा तो ३/१२ आहेच. फक्त कागदावर विचारलं होतं भाकरी किती.

मी तिला काही सांगितलं नाही. दोन अर्ध्या करणाऱ्या गटातून एका मुलाला त्याचा वाटा घेऊन बोलावलं. त्याच्या कागदावर 'अर्धी आणि पाव' होतं. दोघांना म्हटलं, तुमच्यापैकी कुणाला जास्त मिळालं? त्याच्याकडे दोन तुकडे, हिच्याकडे तीन. ती म्हणाली मला, तो म्हणाला मला, त्याचा एक तुकडा मोठा आहे म्हणून. मग एक न कापलेली भाकरी मध्ये ठेवली आणि म्हटलं, यावर मांडून बघा. त्याने अर्धी ठेवली, शेजारी पाव. एक कोपरा रिकामा राहिला. ते उचलून तिने आपले तीन पाव मांडले. तोच कोपरा रिकामा. दोघं एकदम गप्प. मग तीच म्हणाली, "सारखंच आहे की." मी विचारलं, "मग ही भाकरी पुरी भरायला असे किती तुकडे लागतील?" चार. "बारा नाही?" तिने जरा वेळ त्या गोलाकडे बघितलं आणि म्हणाली, "बारा सगळ्यांचे मिळून. एकीचे चारच."

तो कागद मी खोडायला दिला नाही, फळ्यावर लावायला घेतला.

स्पष्टीकरणाला पंधरा मिनिटं. इथे पहिल्यांदा खडू हातात घेतला. तीन गटांचे कागद फळ्यावर शेजारी-शेजारी लावले: तीन पाव, अर्धी आणि पाव, आणि ३/१२. मांडून बघायचा प्रयोग त्या दोघांनी सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवला. मग मी हेतुकथन केलं आणि लिहिलं: एका भाकरीचा ३/४. त्याखाली: सगळ्या भाकऱ्यांचा ३/१२. दोन्ही शेवटपर्यंत फळ्यावर ठेवलं. 'एका भाकरीचा' आणि 'सगळ्या भाकऱ्यांचा' हे शब्द रंगीत खडूने. अपूर्णांक लिहिताना कशाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा वर्गाचा नियमच करून टाकला. छेद आणि अंश हे शब्द त्यानंतर आले आणि त्यातही छेद आधी. एक पूर्ण भरायला असे किती समान तुकडे लागतात, तो छेद. तसे किती आपल्याकडे आहेत, तो अंश. पाठ्यपुस्तकी क्रम अंश आधी, छेद नंतर असा असतो. पण तुकड्याचा आकार ठरल्याशिवाय तो किती वेळा घेतला हे मोजणार कशाने? छेद आधी सांगितला की १/४ पेक्षा १/३ मोठा का, याचं उत्तरही तिथेच मिळतं: जितके जास्त तुकडे लागतात तितका एकेक तुकडा लहान.

विस्ताराच्या पायरीत बहुतेक टाचणांत आणखी गोल आणि चौकोन रंगवायला दिलेले असतात. तो नुसता सराव झाला. विस्तार म्हणजे तीच कल्पना वेगळ्या जागी लागू पडते का ते बघणं. म्हणून भाकरी बाजूला ठेवून मोजणं घेतलं. प्रत्येकाला २४ सेंटिमीटरची एक पट्टी दिली, तिचे घडीने चार भाग करायला सांगितले आणि गटाला दोन रिबिनी दिल्या: हिरवी १८ सेंटिमीटरची, लाल ३० सेंटिमीटरची. मोजपट्टी वापरायची नाही, या कागदी पट्टीनेच सांगायचं, रिबीन किती पट्ट्या लांब आहे. बाकाची रुंदी किंवा वहीची लांबी मोजायला देऊ नका. ती कधीच नेमक्या घडीवर येत नाही आणि मुलं 'थोडी जास्त' म्हणून मोकळी होतात. रिबिनी कापूनच न्या. आणि टोकं जाळून घ्या, नाहीतर ओढून-ओढून धागे निघतात आणि लांबी बदलते.

हिरवी तीन पाव पट्टी, म्हणजे ३/४, हे पटकन आलं. लाल रिबिनीपाशी मला जो प्रश्न हवा होता तो एका मुलाने अगदी वैतागून विचारला. "बाई, चार भागांपैकी पाच कसे घेणार?" चार घड्या भरल्या आणि रिबीन आणखी एक घडी उरली होती. मी म्हटलं, चौथ्या घडीनंतर काय केलंस? "पट्टी पुढे सरकवली आणि अजून एक पाव घेतला." मग एकूण पाव किती? पाच. वाढप्याने मागून सांगितलं, "सव्वा पट्टी!" फळ्यावर ५/४ आणि १ १/४ शेजारी लिहिलं आणि तिथेच सोडलं. गोलाच्या चित्रात हा प्रश्न असा उभा राहत नाही, कारण गोल चार तुकड्यांत संपतो. पट्टी पुढे सरकवता येते. पुढे संख्यारेषेवर अपूर्णांक दाखवायचे असतात तेव्हाही हीच पट्टी आडवी ठेवून काम भागतं.

मूल्यमापनाला दहा मिनिटं उरली होती. अर्ध्या पानाची झेरॉक्स, चार प्रश्न. पहिला, आदल्या आठवड्यातलाच वेड्यावाकड्या चार भागांचा आयत, पण या वेळी कारणासह. दुसरा, दोन भाकऱ्या तिघांत, एकाला किती, चित्र काढा. तिसरा, १/३ आणि १/४ यातला मोठा कोणता आणि का. चौथा, एक पट्टी छापलेली, तिच्याखाली ५/४ लांबीची रेघ काढा.

उत्तरं नुसती बरोबर-चूक अशी तपासू नका, घरी निवांत बसून वाचा. दुसऱ्या प्रश्नात सुमारे एक तृतीयांश मुलांनी २/६ लिहिलं होतं. त्यातल्या ज्यांचं चित्र बरोबर होतं, म्हणजे प्रत्येक भाकरीचे तीन समान भाग आणि प्रत्येकाला दोन, त्यांना वाटणी समजलेली आहे, पूर्ण कोणतं हे अजून डळमळतंय. त्यांना पुन्हा भाकरी कापायला लावायची गरज नाही. 'कशाचा २/६?' एवढा एक प्रश्न आणि एक न कापलेला गोल पुरतो. ज्यांच्या चित्रातच भाग असमान होते त्यांचं दुखणं वेगळं, त्यांना पट्टीच्या घड्यांकडे परत न्यावं लागतं.

तिसऱ्या प्रश्नात जवळपास सगळ्यांनी १/३ लिहिलं आणि मी खूश झाले असते, पण कारणं वाचली. काहींनी लिहिलं होतं, 'चौघांत वाटली तर प्रत्येकाला कमी येते.' हे पक्कं. काहींनी लिहिलं होतं, 'खालचा आकडा लहान असला की अपूर्णांक मोठा.' उत्तर बरोबर, पण हा नवा चुकीचा नियम आहे. २/३ आणि ३/४ समोर आले की तो २/३ ला मोठा ठरवणार. म्हणून या प्रश्नाला 'का' जोडल्याशिवाय तो विचारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी मला तासाची शेवटची दहा मिनिटं दिली, तेव्हा २/६ वाल्यांसाठी गोल घेऊन गेले आणि या मुलांना २/३ आणि ३/४ च्या पट्ट्या एकाखाली एक ठेवून बघायला दिल्या.

निरीक्षणाचा तक्ता पाठानंतर लगेच मागून घ्या आणि समोरच झेरॉक्स काढा. एक प्रत शाळेत, एक कॉलेजात, एक तुमच्या फायलीत लागते आणि मूळ प्रत एकदा कार्यालयात गेली की महिनाभर दिसत नाही. आमचा तक्ता अजूनही पंचपदीचाच आहे. त्यात 'हेतुकथन' ला गुण आहेत, 'शोध' असा रकानाच नाही. सरांनी 'विषयविवेचन' च्या रकान्यात शोधाबद्दल लिहिलं आणि शेऱ्यात म्हटलं: 'हेतुकथन योग्य जागी. गटकार्यात शिक्षिकेने उत्तर सांगितले नाही. फलकलेखनात पूर्णाचा उल्लेख सातत्याने. वेळेचे नियोजन विस्तारात सैल.' शेवटचं खरंच आहे, रिबिनींना अठरा मिनिटं ठरवली होती, वीस गेली. तुम्ही प्रत्येक गटाला दोन्ही रिबिनी न देता निम्म्या गटांना हिरवी आणि निम्म्यांना लाल दिली तर ती वाचतील. फक्त लाल रिबीन वर्गात सगळ्यांनी बघितली पाहिजे.

फाईल जमा करताना मुलांची मूल्यमापनाची मूळ पानं जोडावी लागत नाहीत, नमुन्यादाखल तीन पुरतात: एक पक्कं, एक २/६ चं, एक असमान भागांचं. नावं झाकून झेरॉक्स करा. आणि पट्ट्या टाकून देऊ नका. माझ्यानंतर त्याच वर्गावर सममूल्य अपूर्णांकाचा पाठ माझ्या मैत्रिणीचा होता. तिने त्याच चार घड्यांच्या पट्टीवर आणखी एक घडी घालून आठ भाग करायला लावले आणि ३/४ च्या जागी ६/८ कसे येतात तिथून सुरुवात केली.